जेवल्यावरची शतपावली: पोटातला वायू नेमका कशाने सुटतो?

प्रश्न: आम्ही इंदूरला असतो. रविवारी दाल-बाफले झाले की आमच्या मिस्टरांचं पोट टम्म होतं, डाव्या बरगडीखाली काहीतरी अडकल्यासारखं वाटतं. सासूबाई म्हणतात, लोळू नका, शतपावली घाला. मिस्टर म्हणतात, जेवल्यावर चाललं की रक्त पायात जातं आणि पचन बिघडतं. कोणाचं खरं? आणि चालायचंच असेल तर कधी, किती वेळ आणि किती वेगाने?

उत्तर:

सासूबाईंचं खरं आहे. मिस्टरांचं म्हणणं अगदीच निराधार नाही, पण ते धावण्याला लागू पडतं, चालण्याला नाही. मी पोटविकारांचा डॉक्टर म्हणून इंदुरातच प्रॅक्टिस करतो, त्यामुळे रविवारच्या बाफल्यांनंतर सोमवारी येणारे पेशंट मला नवीन नाहीत.

दुपारी एकला जेवून दीडला पोट फुगलं, की सगळे तुरीच्या डाळीला दोष देतात. डाळ यात निर्दोष आहे, निदान तेवढ्या वेळापुरती. डाळींमध्ये रॅफिनोज आणि स्टॅकिओज नावाच्या साखरा असतात. त्या फोडणारं पाचकद्रव्य माणसाच्या लहान आतड्यात नसतं, म्हणून त्या न पचता मोठ्या आतड्यात पोचतात. तिथले जिवाणू त्या आंबवतात आणि त्यातून हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड आणि काही लोकांत मिथेन तयार होतो. पण एवढा प्रवास व्हायला साधारण चार ते सहा तास लागतात. म्हणजे दुपारच्या डाळीचा वायू संध्याकाळी येणार.

मग दीड वाजता काय फुगतं? मुख्यतः जठर. त्यात बाफले आहेत, घाईघाईने खाताना गिळलेली हवा आहे, सोबत सोडा किंवा कोल्ड्रिंक घेतलं असेल तर त्याचा वायू आहे. शिवाय जठरातलं आम्ल पुढे लहान आतड्याच्या सुरुवातीला क्षारांशी मिळतं तेव्हाही बराच कार्बन डायऑक्साइड तयार होतो. तो बहुतेक रक्तात शोषला जातो, पण थोडा वेळ त्याचाही ताण जाणवतो. त्यात जठर भरलं की मोठ्या आतड्याला हालचालीचा इशारा मिळतो, त्यामुळे सकाळच्या पोह्यांचा आणि आदल्या रात्रीच्या जेवणाचा तिथे साठलेला वायूही ढवळला जातो. मोठ्या आतड्याचं सगळ्यात उंच वळण डाव्या बरगडीखाली, प्लीहेजवळ असतं. वायू तिथे जाऊन बसला की मिस्टर सांगतात तसंच दुखतं आणि माणसाला हृदयाची भीती वाटते.

म्हणून एकाच जेवणानंतर फुगण्याच्या दोन वेळा असतात. एक लगेचची आणि एक चार-सहा तासांनंतरची. चालण्याचा उपयोग दोन्ही वेळी होतो, पण वेगवेगळ्या कारणांनी. हे न कळल्यामुळे लोक दुपारी दहा मिनिटं चालतात आणि संध्याकाळी पोट पुन्हा फुगलं की म्हणतात, शतपावलीचा काही उपयोग नाही.

आधी लगेचच्या फुगण्याबद्दल. घट्ट अन्न जठरातून लगेच बाहेर पडत नाही. पहिली वीस-तीस मिनिटं जठराचा खालचा भाग ते दळत असतो, एक-दोन मिलिमीटरचे कण होईपर्यंत. मग ते थोडं थोडं पुढे सोडलं जातं. साध्या, कमी तुपाच्या जेवणाचा निम्मा भाग बाहेर पडायला दीड-दोन तास लागतात आणि चार तासांत जठर जवळजवळ रिकामं होतं. बाफला आधी उकडलेला, मग भाजलेला आणि मग तुपात बुडवलेला. तूप लहान आतड्यात पोचलं की तिथून जठराला ‘सावकाश’ असा निरोप जातो, तो कोलेसिस्टोकायनिन या संप्रेरकामार्फत. त्यामुळे बाफल्यांचं जेवण जठरात चांगलंच रेंगाळतं. हा बिघाड नाही. स्निग्ध पदार्थ पचायला वेळ मिळावा म्हणून शरीराने केलेली सोय आहे. फक्त आपण त्या सोयीवर चार बाफले, डाळ, चटणी आणि शेवटी लाडू असा भार टाकतो.

चालल्याने जठर लवकर रिकामं होतं, हे मोजून पाहिलेलं आहे. अमेरिकेत १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पुरुषांना घट्ट जेवण देऊन ट्रेडमिलवर चालवलं. ताशी ३.२ किलोमीटर, म्हणजे अगदी रमतगमत चालल्यावरही जठर बसून राहण्यापेक्षा लवकर रिकामं झालं. २००८ च्या एका जर्मन अभ्यासात चालण्याची तुलना जेवणानंतरच्या कडक कॉफीशी आणि ‘पचनासाठी’ म्हणून घेतल्या जाणाऱ्या मद्याशी केली होती. उपयोग चालण्याचा झाला, बाकी दोन्हींचा नाही. मात्र त्यातच असंही दिसलं, की चालणं थांबलं की हा वेगही थांबतो. पुढच्या तीन तासांची बेगमी चालण्याने होत नाही. जेवढं चाललात तेवढंच पुढे सरकलं. म्हणून दहा मिनिटं चालून लगेच सोफ्यावर आडवं झालं, की फायदा दहा मिनिटांपुरताच राहतो.

आडवं होण्याचं वेगळं नुकसान आहे. उभं असताना जठरातली हवा वर चढून अन्ननलिकेच्या तोंडाशी जमते. जठराचा वरचा भाग ताणला गेला की तिथली झडप क्षणभर सैल पडते आणि ढेकर येतो. पाठीवर झोपलं की अन्ननलिकेचं तोंड मागच्या बाजूला, द्रवाखाली जातं. हवा वर पोटाच्या बाजूला राहते आणि तिला बाहेर पडायची वाट सापडत नाही. उलट झडप सैल झाली तर हवेऐवजी आंबट पाणी वर येतं. जेवून लोळणाऱ्या माणसाला फुगणं आणि जळजळ एकत्र का होते, त्याचं उत्तर बरंचसं इथेच आहे. यात चालण्याचा अर्धा फायदा तर नुसत्या उभं राहण्याचा आहे. गुडघ्यांमुळे चालता येत नसेल तर ताठ बसणंही लोळण्यापेक्षा चांगलं. वज्रासन ज्यांना जमतं त्यांनी जरूर करावं, पण तेही याच कारणासाठी उपयोगी. बसल्या जागी चालण्याची भर पडत नाही.

आता संध्याकाळचा वायू. निरोगी माणसाच्या आतड्यात एका वेळी साधारण १०० ते २०० मिलिलिटर वायू असतो. दिवसभरात अर्धा ते दीड लिटर खालून बाहेर पडतो, तोही दहा-वीस वेळा. लोकांना हा आकडा ऐकून धक्का बसतो, विशेषतः जे ‘मला गॅसेस होतात’ म्हणून येतात त्यांना. पोट फुगणाऱ्यांपैकी बहुतेकांत वायू जास्त नसतो, तो पुढे सरकत नसतो.

हे बार्सिलोनाच्या अझ्पिरोझ, सेरा आणि मालागेलाडा यांच्या गटाने फार कल्पकतेने दाखवलं. त्यांनी बारीक नळीतून लहान आतड्यात मिनिटाला १२ मिलिलिटर वायू सोडला आणि खालून किती बाहेर येतो ते मोजलं. निरोगी माणसांत थोड्याच वेळात जेवढा आत जातो तेवढा बाहेर यायला लागतो, पोटाला कळतही नाही. ज्यांचं पोट नेहमी फुगतं त्यांच्यात तो आत साठत गेला. २००३ मध्ये त्यांनी तेच निरोगी लोक उभे आणि आडवे असताना तपासले, तर उभ्या स्थितीत वायू लवकर बाहेर पडला. २००४ मध्ये निरोगी लोकांना आणि २००६ मध्ये पोट फुगणाऱ्या पेशंटना हलकं पेडल मारायला लावलं, आणि दोन्ही वेळा वायूची साठवण कमी झाली. याच गटाच्या कामातून हेही कळलं, की आतड्यात स्निग्ध पदार्थ असले की वायू पुढे सरकणं मंदावतं, आणि पोट फुगणाऱ्यांत ते जास्तच मंदावतं. म्हणजे तूप अन्नालाही थोपवतं आणि वायूलाही.

वायू आणि अन्न एकत्र पुढे जात नाहीत. अन्नाला मोठं आतडं पार करायला एक ते तीन दिवस लागू शकतात, वायू सगळं आतडं तासाभराच्या आत ओलांडू शकतो. त्याला ढकलायला जोरदार आकुंचन लागत नाही, आतड्याच्या भिंतीचा हलका ताण पुरतो. बागेच्या नळीत हवा अडकली की आपण ती पिळत नाही, उचलून जरा हलवतो, तसाच प्रकार. चालताना पोटाचे स्नायू आलटून पालटून आवळतात, श्वासपटल खालीवर होतं, वळणांची ठेवण किंचित बदलते आणि अडकलेला वायू पुढच्या भागात जातो. म्हणून बाफल्यांच्या दिवशी संध्याकाळी सहा-सातच्या सुमारास दुसरी फेरी मारायला सांगतो. दुपारचं चालणं जठरासाठी, संध्याकाळचं मोठ्या आतड्यासाठी. चालताना वायू सुटला तर सुटू द्यावा. तो दाबून ठेवायचा असेल तर एवढी पायपीट कशाला!

माझ्याकडे आलेल्या एका पेशंटची हकीकत सांगतो, ओळख पटेल असे तपशील वगळून. वय पंचेचाळीसच्या पुढे, राजवाड्याजवळ दुकान, घर लोकमान्य नगरात. दुकान रात्री दहाला बंद. साडेदहा-अकराला सराफ्यात उभ्याउभ्या भुट्ट्याचा कीस, कचोरी, थंडीत गराडू, वर जिलबी. मग स्कूटरवरून घरी आणि पंधरा मिनिटांत अंथरुणात. रात्री एकच्या सुमारास डाव्या बरगडीखाली दुखून जाग यायची, घाम यायचा, घरचे घाबरायचे. उठून फेऱ्या मारल्या, वायू सुटला, की झोप लागायची. वय आणि घाम पाहून आधी हृदयाची तपासणी करून घेतली, ती नॉर्मल निघाली. सोनोग्राफीत पित्ताचे खडे नव्हते. वजन कायम होतं, शौचात रक्त नव्हतं.

मग एक साधी वही करायला सांगितली: खाल्लं कधी, आडवं झालं कधी, दुखलं कधी. त्यातून दोन गोष्टी दिसल्या. दुखणं नेहमी झोपल्यानंतर साधारण दीड तासाने. आणि ज्या दिवशी लग्नकार्यामुळे जेवण आठला झालं, त्या रात्री दुखणं नाही, मग जेवण पंचपक्वान्नांचं का असेना. म्हणजे काय खाल्लं यापेक्षा खाण्यात आणि झोपण्यात किती अंतर होतं, हे जास्त महत्त्वाचं.

सराफा सोडायला सांगून इंदूरचा माणूस ऐकत नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून इतकंच ठरलं: जेवणाचा डबा दुकानातच आठला, सराफ्यात फक्त चव घेण्यापुरतं, आणि तिथून कृष्णपुरा छत्र्यांपर्यंत चालत जाऊन परत यायचं, मगच स्कूटर काढायची. झोपायच्या आधी किमान दोन तास पोटाला द्यायचे.

पहिल्या आठवड्यात ते नाराज होऊन परत आले. छातीत जळजळ आणि उजव्या कुशीत कळ. चौकशी केली तर हे गृहस्थ सकाळच्या फिरायला जाण्याच्या वेगाने, बूट घालून, झपाझप चालत होते. इथे मिस्टरांचं म्हणणं लागू होतं. हलक्या चालण्यात पायांना लागणारं रक्त इतकं थोडं असतं, की जेवणानंतर आतड्याकडे वाढलेल्या पुरवठ्याला विशेष धक्का बसत नाही. पण धाप लागेल इतका जोर लावला, तर आतड्याचं रक्त खरंच कमी होतं, जठर मंदावतं आणि हिसक्यांनी आम्ल वर येतं. त्यांना सांगितलं, चालताना फोनवर पूर्ण वाक्यं न थांबता बोलता आली पाहिजेत. बोलताना श्वास मोडला की वेग जास्त. वेग कमी केल्यावर जळजळ आणि कळ दोन्ही गेली. पुढच्या महिन्यात रात्रीची जाग क्वचितच यायची, तीही गराडूच्या दिवसांत. गराडू तळलेला असतो, आणि तळलेल्याचं मंदावणं चालण्याने कमी होतं, नाहीसं होत नाही. चालण्याने जे झालं नाही तेही सांगतो. त्यांची जुनी बद्धकोष्ठता तशीच राहिली. एका फेरीने जठर हलतं, वायू हलतो, पण मोठ्या आतड्यात कोरडा पडलेला मळ त्याने निघत नाही. त्यासाठी वेगळे उपाय करावे लागले.

तुमच्या घरापुरतं सांगायचं तर, जेवण झाल्यावर हात धुऊन, पाच-दहा मिनिटांत निघा. ताशी तीन ते चार किलोमीटर, म्हणजे नातवंडाला सोबत घेऊन चालावं तसा वेग. पंधरा-वीस मिनिटं पुरतात. बाफल्यांच्या दिवशी अर्धा तास चाललात तर उत्तम. गच्चीवर, गल्लीत, हॉलमध्ये, कुठेही. पँटचा पट्टा सैल करा, खाली वाकून काही उचलू नका, आणि मुद्दाम पुन्हा पुन्हा ढेकर काढू नका. जबरदस्तीच्या ढेकरात प्रत्येक वेळी थोडी हवा आधी आत जाते, त्यामुळे फुगणं वाढतच राहतं. सोडा पिऊन येणारा मोठा ढेकरही मुख्यतः त्या सोड्याचाच असतो.

त्यानंतर वामकुक्षी हवीच असेल, तर निदान तासाभराने, डाव्या कुशीवर, डोकं जरा उंच ठेवून. डाव्या कुशीवर जठराचा फुगीर भाग खाली राहतो आणि आम्ल अन्ननलिकेत कमी येतं. जळजळ होणाऱ्यांना याचा खरा फायदा आहे. वायू सुटायला मात्र याने विशेष मदत होत नाही.

काही लोकांनी हे जपून करावं. इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्या मधुमेहींची साखर चालताना उतरू शकते. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी आली तर थांबून साखर मोजावी. बऱ्याच वर्षांच्या मधुमेहात जठराच्या नसाच मंद पडलेल्या असू शकतात. थोड्या घासांतच पोट भरणं आणि कालचं अन्न आज उलटीत दिसणं ही त्याची खूण, त्यावर नुसती शतपावली पुरत नाही. काही वयस्कांचा रक्तदाब जेवल्यावर खाली जातो, त्यांनी उठल्यावर क्षणभर आधाराने उभं राहून मग निघावं. आणि जठराचं ऑपरेशन होऊन ज्यांचं अन्न आधीच फार वेगाने आतड्यात उतरतं, त्यांना जेवल्यावर घाम आणि धडधड होते. त्यांना उलट थोडं आडवं व्हायला सांगतो.

मिस्टरांच्या बाबतीत एक फरक नीट बघा. वायूचं दुखणं जागा बदलतं, पोट गुरगुरतं, चालल्यावर आणि वायू सुटल्यावर हलकं होतं. हृदयाचं दुखणं भरल्या पोटी चालू लागल्यावर वाढतं आणि थांबलं की काही मिनिटांत ओसरतं. ते छातीच्या मध्यभागी दडपण, जबडा, खांदा किंवा डाव्या हातापर्यंतची ओढ, धाप, असं असतं. कधी कधी त्याला लोक वर्षभर ‘गॅस’च म्हणत राहतात. चालताना दुखणं वाढतंय असं एकदा जरी वाटलं, तर शतपावली बंद करून हृदयाची तपासणी आधी करा. थांबूनही ते ओसरलं नाही, किंवा सोबत घाम आणि गुदमरल्यासारखं झालं, तर तपासणीची वेळ ठरवत बसू नका, तडक हॉस्पिटल गाठा. पोट कडक होऊन फुगत चाललंय, उलट्या होतायत आणि वायूसुद्धा सुटत नाही, असं झालं तर आतडं अडलेलं असू शकतं, तेव्हाही चालायला लावू नका, सरळ हॉस्पिटलात न्या. वजन विनाकारण उतरणं, शौचात रक्त, पन्नाशीनंतर शौचाची सवय अचानक बदलणं, किंवा बायकांमध्ये आठवडेच्या आठवडे पोट फुगलेलंच राहणं, यांपैकी काही असेल तर बाफल्यांना दोष देत बसू नका, आधी तपासून घ्या.